रात्री बारानंतरची गाडी

जळगाव स्थानकावर गुरुवारी रात्री साडेअकराच्या सुमारास डाळीचे एक व्यापारी कुटुंबासह येऊन बसले होते. बरोबर त्यांची पत्नी, धाकटा भाऊ आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या मातोश्री होत्या. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता नागपूरला भाचीचा साखरपुडा होता. व्यापारी मुलीचे सख्खे मामा, त्यामुळे त्यांच्यावाचून कार्य उभे राहणे शक्य नव्हते. मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी रात्री सव्वाबाराला जळगावहून सुटत असे आणि सकाळी सातच्या सुमारास नागपूर गाठत असे. तीन आठवडे आधी चार जागा पक्क्या झाल्या होत्या आणि तिकिटावर गुरुवारची तारीख स्वच्छ छापलेली होती.

गाडी वेळेवर आली. डबा सापडला, जागांचे क्रमांकही सापडले. मात्र त्या चारही जागांवर दुसरेच प्रवासी झोपलेले होते. तिकीट तपासनिसांनी कागद पाहिला आणि शांतपणे म्हटले, "काका, हे तिकीट कालच्या गाडीचं आहे." मातोश्रींना ते पटेना. "अहो, आज गुरुवारच ना?" असे त्यांनी विचारले. तपासनीस म्हणाले, "बारा वाजले की शुक्रवार लागतो, आई. तुमचा गुरुवार काल रात्री बाराला लागला आणि तुमची गाडी तेव्हाच, सव्वाबाराला गेली."

दोन मिनिटांत सामान पुन्हा फलाटावर उतरवावे लागले. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. रात्री एक वाजता मोटार ठरवावी लागली आणि तिचे भाडे चार तिकिटांच्या कितीतरी पट झाले. मंडळी साडेदहाला कार्यालयात पोहोचली. मामा वेळेवर उभे राहिले; परंतु रात्रभराच्या धक्क्यांनी मातोश्रींना उठवेना आणि नातीचा साखरपुडा होत असताना त्या आतल्या खोलीत पडून राहिल्या.

या घरात हिशेबाची चूक सहसा होत नाही. रोकडवही आणि खातेवही दररोज जुळविणारी ही माणसे आहेत. मग चूक झाली कोठे? ती वेळापत्रकाच्या एका अरुंद रकान्यात झाली, जो बहुतेक प्रवासी वाचतच नाहीत.

चुकीचे मूळ समजण्यासारखे आहे. आपल्या घरात दिवस सूर्योदयापासून मोजला जातो. पंचांगातील वारही सूर्योदयालाच बदलतो. म्हणून रात्री एक वाजता कोणी आले तरी घरातील माणसे दुसऱ्या दिवशी "तो गुरुवारी रात्री आला" असेच सांगतात. रेल्वेचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे असते. २३.५९ नंतर एका मिनिटाने ००.०० होते आणि त्याच क्षणी तारीख पुढे सरकते. त्यामुळे ००.१५ ही बोलीभाषेत "गुरुवारची रात्र" असली, तरी रेल्वेच्या दप्तरी ती शुक्रवारची पहिली पंधरा मिनिटे असतात. मध्यरात्र ते पहाट या चार-पाच तासांत घरचा वार आणि रेल्वेचा वार एकमेकांशी जुळत नाहीत आणि नेमक्या याच वेळेत लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्या मधल्या गावांतून जातात.

आता वेळापत्रकाचे पान पाहू. वेळापत्रकातील वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून येथे कोणत्याही एका गाडीच्या वेळा न देता केवळ समजुतीसाठी एक नमुना मांडला आहे. स्थानके मात्र खरी आहेत आणि अंतरे मुंबईपासूनच्या लोहमार्गाची आहेत. काही मधली स्थानके गाळली आहेत.

स्थानक | आगमन | प्रस्थान | दिवस | कि.मी.
मुंबई छ. शि. म. ट. | — | १७.४५ | १ | ०
दादर | १७.५७ | १८.०० | १ | ९
कल्याण | १८.३७ | १८.४० | १ | ५४
इगतपुरी | २०.१० | २०.१५ | १ | १३७
नाशिक रोड | २०.५७ | २१.०० | १ | १८८
मनमाड | २१.५७ | २२.०० | १ | २६१
जळगाव | ००.१३ | ००.१५ | २ | ४२१
भुसावळ | ००.४५ | ००.५० | २ | ४४५
नागपूर | ०७.१० | — | २ | ८३७

पहिल्या स्थानकाला आगमन नसते आणि शेवटच्याला प्रस्थान नसते. तेथे आडवी रेघ असते. मधल्या प्रत्येक स्थानकाला दोन वेळा दिलेल्या असतात आणि त्यांतील फरक म्हणजे थांबा. परंतु व्यापारी कुटुंबाची चूक चौथ्या रकान्यात दडलेली आहे. मनमाडपर्यंत तेथे १ हा आकडा आहे, जळगावला तो २ झाला आहे. याचा अर्थ असा की, गाडी मुंबईहून निघाल्यानंतर वाटेत एकदा मध्यरात्र उलटली आणि जळगावला ती दुसऱ्या तारखेला पोहोचली.

यावरून एक सरळ नियम निघतो. आपल्या स्थानकापुढील दिवसाच्या आकड्यातून एक वजा करावा आणि उरलेली संख्या गाडीच्या मूळ स्थानकावरून सुटण्याच्या तारखेत मिळवावी. येणारी तारीख ही आपल्या स्थानकावर गाडीत बसण्याची तारीख होय. जळगावला आकडा २ आहे. एक वजा केल्यावर एक उरतो. म्हणून गुरुवारी संध्याकाळी मुंबईहून निघणारी गाडी जळगावला शुक्रवारी मिळते. एखादे स्थानक तिसऱ्या दिवसाचे असेल, तर दोन दिवस मिळवावे लागतात.

तिकीट काढताना जी तारीख द्यावी लागते ती आपण जेथून बसणार त्या स्थानकाची असते, मुंबईची नव्हे. व्यापारी गृहस्थांनी गुरुवार निवडला. गाडी रोजची असल्यामुळे गुरुवारी ००.१५ वाजताही एक गाडी जळगावहून सुटतच होती. ती बुधवारी संध्याकाळी मुंबईहून निघालेली गाडी होती. तिच्यात जागा होत्या, त्या मिळाल्या आणि कोठेही अडथळा आला नाही. रोजच्या गाडीची हीच अडचण आहे की, चुकीच्या तारखेलाही तिचे तिकीट बिनबोभाट मिळते.

आठवड्यातून दोनदाच धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही चूक लगेच उघडी पडते. समजा वरील गाडी "सोम., गुरु." अशी दिलेली आहे. छापील वेळापत्रकातील धावण्याचे दिवस हे मूळ स्थानकावरून सुटण्याचे दिवस असतात. म्हणून जळगावकरांनी ते एक दिवस पुढे सरकवून "मंगळ., शुक्र." असे वाचले पाहिजेत. जळगावहून गुरुवारचे तिकीट मागितले, तर त्या दिवशी ही गाडीच दिसणार नाही. अशा वेळी काही जण "वेळापत्रक चुकीचे आहे" असे समजून दुसरी, गैरसोयीची गाडी पकडतात. वास्तविक वेळापत्रक बरोबर असते, केवळ ते मुंबईच्या फलाटावर उभे राहून लिहिलेले असते.

तत्काळ तिकिटांनाही हाच नियम लागतो आणि तेथे नुकसान अधिक होते. तत्काळ आरक्षण गाडी मूळ स्थानकावरून सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडते. वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला. शुक्रवारी ००.१५ ची गाडी हवी असलेला जळगावकर "शुक्रवारच्या आदला दिवस गुरुवार" असे मोजून गुरुवारी सकाळी दहाला बसला, तर त्याला सगळ्या जागा संपलेल्या दिसतील. गाडी मुंबईहून गुरुवारी निघणार असल्याने तिचे तत्काळ बुधवारीच उघडलेले असते.

आपली तारीख बरोबर आहे की नाही, हे ओळखण्याच्या दोन खुणा या कुटुंबाच्या हातातच होत्या. पहिली खूण तिकिटावर होती. तेथे नागपूरला पोहोचण्याची वेळ ०७.१० आणि तिच्यापुढे गुरुवारची तारीख होती. साखरपुडा शुक्रवारी होता. निघण्याची तारीख सर्वांनी पाहिली, पोहोचण्याची कोणीच पाहिली नाही. रात्रीच्या प्रवासात नेहमी पोहोचण्याची तारीख आधी वाचावी. कार्य ज्या दिवशी आहे तो दिवस तिच्याशी जुळला, तर निघण्याची तारीख आपोआप बरोबर असते, मग ती कानाला कितीही विचित्र वाटो.

दुसरी खूण बुधवारी दुपारी आली. आरक्षणाचा तक्ता तयार झाल्याचा, डबा आणि जागा कळविणारा निरोप भ्रमणध्वनीवर आला. तक्ता गाडी मूळ स्थानकावरून सुटण्यापूर्वी काही तास तयार होतो. म्हणजे गाडी बुधवारीच मुंबईहून निघणार होती. घरात मात्र "यंदा रेल्वेने एक दिवस आधीच कळवले" असे कौतुक झाले. तक्ता अपेक्षेपेक्षा एक दिवस आधी आला, तर रेल्वे तत्पर झाली असे न समजता तिकीट पुन्हा काढून पाहावे. त्या वेळी अजून आठ-दहा तास हातात असतात.

दिवसाचा रकाना समजला की आगमन आणि प्रस्थान यांकडे वळता येते. प्रवास करणाऱ्याने प्रस्थानाची वेळ पाहावी, घ्यायला येणाऱ्याने आगमनाची. गाडी लवकर आली तरी ती छापलेल्या प्रस्थानाच्या वेळेपूर्वी सुटत नाही. उशिरा आली, तर मात्र छापलेला थांबा पूर्ण मिळेल याची खात्री धरू नये. वेळ भरून काढण्यासाठी पाच मिनिटांचा थांबा दोन मिनिटांवर येऊ शकतो. जळगावचा थांबा मुळातच दोन मिनिटांचा आहे. चार माणसे, त्यांत एक वृद्ध आणि आहेराच्या पेट्या, हे सर्व दोन मिनिटांत चढवायचे असेल, तर आपला डबा फलाटावर कोठे येतो ते गाडी येण्याआधी ठाऊक हवे. त्याच गाडीला भुसावळला पाच मिनिटे आहेत. सामान फार असेल, तर चोवीस किलोमीटर पुढे जाऊन भुसावळहून बसणे काही वेळा शहाणपणाचे ठरते. मात्र तिकीटही तसेच काढलेले असावे.

वेळापत्रकात प्रवाशांसाठी दिलेलेच थांबे असतात. गाडी प्रत्यक्षात जेथे जेथे थांबते ती सर्व ठिकाणे नसतात. वरील पानात कल्याणनंतर थेट इगतपुरी आहे. परंतु या मार्गाने गेलेल्यांना ठाऊक आहे की, गाडी कसाऱ्याला थांबते. तेथून थळ घाट सुरू होतो. चढ ३७ फुटांना एक फूट, इतका तीव्र आहे, म्हणून कसाऱ्याला मागून जोर देणारी जादा इंजिने लावतात आणि इगतपुरीला ती काढून घेतात. हा तांत्रिक थांबा प्रवाशांसाठी नसल्याने छापला जात नाही. म्हणून वेळापत्रकात नसलेल्या ठिकाणी गाडी उभी राहिली, की आपले स्थानक आले असे समजून उतरण्याची घाई करू नये.

ही गोष्ट शेवटच्या रकान्यावरून, म्हणजे किलोमीटरच्या आकड्यांवरूनही ताडता येते. दोन स्थानकांच्या अंतरांतील वजाबाकी करून तिला लागणाऱ्या वेळेने भागले, की त्या टप्प्याचा सरासरी वेग मिळतो. नाशिक रोड ते मनमाड अंतर ७३ किलोमीटर आणि वेळ ५७ मिनिटे, म्हणजे ताशी सुमारे ७७ किलोमीटर. कल्याण ते इगतपुरी अंतर ८३ किलोमीटर आणि वेळ ९० मिनिटे, म्हणजे ताशी जेमतेम ५५. वेग इतका का उतरला, याचे उत्तर घाट आणि कसाऱ्याचा न छापलेला थांबा यांत आहे.

आता जळगाव ते भुसावळ पाहू. अंतर २४ किलोमीटर, वेळ ३० मिनिटे, वेग ताशी ४८. येथे घाट नाही, तरीही वेग कमी आहे. कारण मोठ्या जंक्शनपूर्वी वेळापत्रकात थोडी मोकळी मिनिटे राखून ठेवलेली असतात, जशी व्यापारी घरखर्चात थोडी शिल्लक राखतो. वाटेत उशीर झाला, तर तो येथे भरून निघतो. म्हणून जळगावहून पाच-सात मिनिटे उशिरा निघालेली गाडी भुसावळला वेळेवर पोहोचू शकते.

हीच राखीव शिल्लक शेवटच्या स्थानकापूर्वी सर्वांत मोठी असते. वरील पानात मुंबईहून निघालेली गाडी ९ किलोमीटरवरील दादर १२ मिनिटांत गाठते. उलट दिशेने मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांना दादर ते मुंबई या तेवढ्याच अंतरासाठी बहुधा वीस-पंचवीस मिनिटे दिलेली असतात. रूळ तेच, अंतरही तेच. जादा मिनिटे ही केवळ वाटेतील उशीर पोटात घेण्यासाठी असतात. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. गाडी शेवटच्या स्थानकावर वेळेवर पोहोचते यावरून ती मधल्या गावांतही वेळेवर असते असे ठरत नाही. आणि ज्याला दादरला उतरायचे आहे, त्याने मुंबईच्या छापील वेळेवरून आपली वेळ अंदाजाने ठरवू नये.

अंतराच्या रकान्याविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. भाडे अंतरावरून ठरते आणि काही मार्गांवर भाड्यासाठी धरलेले अंतर प्रत्यक्ष रुळांच्या लांबीहून अधिक असते. कोकण रेल्वेचा मार्ग बांधण्यास फार खर्च आला, म्हणून प्रवासी भाड्यासाठी तेथील अंतर ४० टक्के वाढवून धरण्यात आले. १०० किलोमीटरचे १४० होतात. अशा ठिकाणी वेळापत्रकातील किलोमीटरवरून वेग काढला, तर गाडी आहे त्याहून बरीच वेगवान भासते. रोहा ओलांडून पुढे जाणाऱ्या गाडीसाठी हे गणित करताना आकडा प्रत्यक्ष अंतराचा आहे की भाड्याचा, हे आधी पाहावे.

प्रत्यक्ष अंतर खिडकीतूनही वाचता येते. विजेच्या तारा धरणाऱ्या प्रत्येक खांबावर दोन आकडे लिहिलेले असतात, एक वर आणि एक खाली. वरचा किलोमीटर दाखवितो, खालचा त्या किलोमीटरातील खांबाचा क्रमांक. मुंबईहून नागपूरकडे जाताना वरचा आकडा वेळापत्रकातील अंतराबरोबरच वाढत जातो. पहाटे उजाडल्यावर ८१७ दिसले, तर नागपूर आणखी वीस किलोमीटरवर आहे. वाटेत काही आपत्ती आली, तर १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर खांबावरचे दोन्ही आकडे सांगितले, की गाडी नेमकी कोठे आहे हे पलीकडच्या माणसाला समजते.

त्या कुटुंबाला दोन महिन्यांनी लग्नासाठी पुन्हा नागपूरला जायचे होते. लग्न रविवारी सकाळी होते. या वेळी धाकट्या भावाने वहीच्या कागदावर खालून वर हिशेब मांडला. नागपूरला पोहोचणे रविवार, ०७.१०. नागपूर आणि जळगाव दोन्ही स्थानके दुसऱ्या दिवसाची, मध्ये तारीख बदलत नाही. म्हणून जळगावहून बसणे रविवार, ००.१५. मुंबईहून गाडी सुटणे शनिवार. स्थानकावर जाणे शनिवारी रात्री अकराला. तिकीट रविवारचे काढले.

मातोश्रींनी कागद पाहून विचारले, "शनिवारी निघायचं आणि तिकीट रविवारचं?" भाऊ म्हणाला, "हो, आई. आपण घरातून शनिवारी निघू, पण गाडीत रविवारी बसू." तक्त्याचा निरोप शनिवारी दुपारी आला. या वेळी तो हिशेबातील दिवसाशी जुळला आणि रात्री जागा रिकाम्या मिळाल्या. तो कागद त्यांनी अजून वेळापत्रकाच्या पुस्तकात ठेवला आहे.